ऊर्जेचा हिशोब : लेखांक ७
एक गोळी आणि सहाशे किलो कोळसा

गांधीबागेच्या ठोक कापडबाजारात एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद ठेवून धंदा होत नाही. छतापर्यंत रचलेल्या गठाणी, खाली अंथरलेली पांढरी गादी, समोर बसलेलं गिऱ्हाईक आणि वर सकाळपासून रात्रीपर्यंत गरगरणारा पंखा. हा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, म्हणजे सलग तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट वीज संपते. नागपूरकराला ही वीज कुठून येते ते वेगळं सांगावं लागत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात. कोळसा खाणींचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालयही याच शहरात आहे. युरेनियमशीही नागपूरचं नातं आहे, फक्त ते कमी लोकांना माहीत असतं. देशभर युरेनियमचे साठे शोधणाऱ्या परमाणु खनिज संचालनालयाच्या मध्य विभागाचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

मागच्या लेखांकात एक किलो कोळशातून किती वीज निघते ते पाहिलं. आपल्याकडच्या राखट कोळशाच्या किलोतून साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे चार युनिटांच्या थोडी वर उष्णता मिळते. तिच्यातली जेमतेम एक-तृतीयांश वीज होऊन बाहेर पडते. ढोबळ हिशोब असा की एका युनिटला ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आता त्याच तराजूत युरेनियम ठेवून पाहायचं आहे.

‘एक किलो युरेनियम म्हणजे तीस लाख किलो कोळसा’ असं वाक्य अनेकदा ऐकू येतं. हा आकडा हवेतून आलेला नाही. कोळशातला कार्बनचा एक अणू ऑक्सिजनशी जोडला जातो तेव्हा सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. युरेनियम-२३५ चा एक अणू फुटतो तेव्हा सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटते. अणूला अणू लावून पाहिलं तर फरक पाच कोटी पटींचा आहे. कारण सरळ आहे. जळताना अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची फक्त मांडणी बदलते, तर विखंडनात अणूचा गाभाच दुभंगतो आणि गाभ्याला धरून ठेवणारी बळं कितीतरी प्रचंड असतात. पण युरेनियमचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा जवळपास वीस पट जड आहे, त्यामुळे एका किलोत त्याचे अणू वीस पट कमी मावतात. पाच कोटींना वीसने भागलं की उरतात पंचवीस लाख. शुद्ध कार्बनशी केलेली ही तुलना आहे. कोळसा थोडा हलका धरला की तीस लाख होतात आणि आपला राखट कोळसा धरला तर पन्नास लाखांच्याही पुढे जातात.

गणित बरोबर आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे : तो किलो शुद्ध युरेनियम-२३५ चा हवा आणि त्यातला प्रत्येक अणू फुटायला हवा. अशी अणुभट्टी कुठेही नाही.

महाराष्ट्रातली अणुवीज तारापूरला तयार होते. १९६९ साली तिथे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. आजच्या हिशोबासाठी मात्र तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या संचाकडे पाहू. २००५ आणि २००६ साली सुरू झालेले हे दोन संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आहेत. त्यांच्यात जड पाणी वापरतात, त्यामुळे युरेनियम खाणीतून जसं येतं त्याच प्रमाणात, समृद्ध न करता, इंधन म्हणून चालतं. निसर्गातल्या एक किलो युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ असतं फक्त सात ग्रॅम. उरलेले ९९३ ग्रॅम म्हणजे जवळजवळ सगळं युरेनियम-२३८, जे सहज फुटत नाही.

हे इंधन घडतं हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये. युरेनियम डायऑक्साइडची भुकटी साच्यात दाबून तिच्या छोट्या दंडगोल गोळ्या करतात आणि हायड्रोजनच्या वातावरणात सुमारे १७०० अंश तापमानाला भाजतात. भाजल्यावर गोळी आक्रसते, काळीभोर आणि टणक होते. मग ती घासून अगदी नेमक्या मापाची करतात. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचातली गोळी बारा मिलिमीटरच्या आसपास जाड, लांबीला त्याहून थोडी जास्त आणि वजनाला सुमारे वीस ग्रॅम असते. अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. तिच्यातल्या ऑक्सिजनचं वजन वजा केलं तर युरेनियम उरतं सतरा-साडेसतरा ग्रॅम. अशा साधारण तीस गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकापुढे एक भरतात, नळीची दोन्ही टोकं जोडकाम करून बंद करतात आणि ३७ नळ्यांचं मिळून अर्ध्या मीटर लांबीचं एक बंडल होतं. एका संचाच्या गाभ्यात अशी पाच हजारांहून अधिक बंडलं असतात.

या भट्टीत एक टन युरेनियममधून सरासरी सात हजार मेगावॉट-दिवस उष्णता काढली जाते. किलोमागे सात मेगावॉट-दिवस, म्हणजे १ लाख ६८ हजार युनिट उष्णता. तिच्यातली सुमारे तीस टक्के वीज होते. अणुभट्टीची वाफ कोळशाच्या बॉयलरमधल्या वाफेपेक्षा बरीच कमी तापलेली असते, म्हणून इथे उष्णतेचं विजेत रूपांतर थोडं कमी होतं. हाती येतात सुमारे पन्नास हजार युनिट. तेवढ्या विजेला कोराडीसारख्या केंद्रात कोळसा लागेल पस्तीस टन.

तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्यक्ष भट्ट्यांचा आकडा हा आहे : एक किलो युरेनियमला पस्तीस हजार किलो कोळसा. तीस लाखांच्या मानाने तो फारच लहान वाटतो, पण खरा आहे आणि त्याची थोरवी कळायला मालगाडी पुरेशी आहे. ५४० मेगावॉटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचा तर युरेनियम लागतं अडीचशे किलोच्या आसपास, म्हणजे तेरा-चौदा बंडलं. तेवढीच वीज कोळशापासून काढायला नऊ हजार टन कोळसा जाळावा लागतो. एका मालगाडीत चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो. म्हणजे रोज दोन गाड्या रिकाम्या करूनही काही डबे उरतात.

आता त्या एका गोळीचं पाहू. सतरा ग्रॅम युरेनियम म्हणजे साधारण ८५० युनिट वीज. कोळशात मोजलं तर सहाशे किलो. गांधीबागेतला तो ७५ वॅटचा पंखा रात्रंदिवस, एकदाही बंद न करता, या विजेवर सव्वा वर्षाहून जास्त फिरेल.

पण ही सगळी ऊर्जा गोळीतून एकदम बाहेर पडत नाही, आणि हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. भट्टीची एकूण उष्णता गोळ्यांच्या संख्येने भागली तर एका गोळीच्या वाट्याला येतात सरासरी तीनशे वॅट. कपड्यांची इस्त्री याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची असते. गोळीची खरी शक्ती तिच्या चिवटपणात आहे. ती तीनशे वॅट उष्णता वर्षाहून अधिक काळ सलग देत राहते. एकटी गोळी टेबलावर ठेवली तर काहीच करत नाही, नवी गोळी हाताला कोमटसुद्धा लागत नाही. तिला शेजारच्या लाखो गोळ्या आणि न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं जड पाणी लागतं, तेव्हाच विखंडनाची साखळी चालते.

आत गोळीची अवस्था सोपी नसते. तिचा मध्य हजार अंशांच्या पुढे तापलेला असतो आणि कडा त्याहून कितीतरी थंड, त्यामुळे तिला तडे जातात. विखंडनातून तयार होणारे वायू तिला आतून फुगवतात. कधीकधी फुगलेली गोळी नळीला रेटते आणि नळीला केसाएवढी चीर पडते. ती ओळखायची खूण म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या जड पाण्यात वाढलेलं किरणोत्सारी आयोडीन. मग कोणत्या वाहिनीतून उशिराने निघणारे न्यूट्रॉन जास्त येताहेत ते तपासून दोषी बंडल शोधतात. या भट्ट्यांची मोठी सोय अशी की ते बंडल भट्टी चालू असतानाच यंत्राने बाहेर काढता येतं.

बाहेर काढलेल्या एक किलो युरेनियममध्ये काय बदललेलं असतं? फुटलेले अणू असतात सात-साडेसात ग्रॅम. त्यातले सगळे युरेनियम-२३५ चे नसतात. भट्टीत काही युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम बनतं आणि तेही फुटतं. जवळपास निम्मी ऊर्जा त्यातून येते. वजनात घट होते सुमारे सात मिलिग्रॅम. एवढं वस्तुमान उष्णता होऊन गेलेलं असतं, बाकी सगळं जागेवर असतं. पण ते आता अतितीव्र किरणोत्सारी असतं. भट्टी बंद केल्यावरही त्यातून उष्णता निघत राहते, म्हणून ते वर्षानुवर्षं पाण्याच्या खोल टाक्यांत ठेवावं लागतं.

समोरच्या पारड्यातल्या पस्तीस टन कोळशातून उरते दहा-बारा टन राख, आणि हवेत जातो पन्नास टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. राखेचं ओझं काय असतं हे नागपूरने जवळून पाहिलं आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत, नाल्यांत शिरला.

या तुलनेत दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, युरेनियम खाणीत किलोने सापडत नाही. झारखंडमधल्या जादुगुडासारख्या खाणीत एक टन दगडातून अर्ध्या किलोच्या आसपास युरेनियम हाती येतं. म्हणजे एका किलोसाठी दोन टन दगड फोडून, दळून, रसायनांत धुऊन काढावा लागतो आणि उरलेला गाळ कायमचा सांभाळावा लागतो. खरी तुलना पस्तीस टनांची दोन टनांशी आहे. तरीही युरेनियमचं पारडं हलकंच राहतं.

दुसरी गोष्ट परदेशी आकड्यांची. ‘एक गोळी म्हणजे एक टन कोळसा’ हे वाक्य साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांचं आहे. त्यांची गोळी जेमतेम सात ग्रॅमची असते, पण तिच्यातून दोन हजारांवर युनिट निघतात, कारण तिच्यातलं युरेनियम समृद्ध केलेलं असतं. असं एक किलो समृद्ध इंधन करायला सुमारे आठ किलो नैसर्गिक युरेनियम लागतं. तो हिशोब धरला तर खाणीतून आलेल्या प्रत्येक किलोमागे तारापूरची जड पाण्याची भट्टी त्या भट्ट्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढते. युरेनियमची टंचाई असलेल्या देशाने हा मार्ग निवडला तो योग्यच होता.

वाचकांनी या आठवड्यात आपल्या वीजबिलावरची बारा महिन्यांची युनिटं जोडून पाहावीत आणि बेरजेला ८५० ने भागावं. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला वर्षाला तीन गोळ्या पुरतात. कोळसा मोजायचा झाला तर तो होतो जवळजवळ सतराशे किलो.