कारण खरं आहे, पण तारीख कोणती?

महाविद्यालयात सत्र संपत आलं की प्राध्यापकांच्या मेलमध्ये एकाच अर्थाच्या ओळी येऊ लागतात. ‘सर, तब्येत बरी नाही, असाइनमेंट लवकरात लवकर देतो.’ कारण बहुतेक वेळा खरंच असतं आणि प्राध्यापकांनाही ते पटतं. तरी उत्तर द्यायचं राहून जातं, कारण या ओळीला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. ‘लवकरात लवकर’ म्हणजे परवा की पुढच्या महिन्यात?

प्राध्यापकांच्या बाजूनं पाहिलं तर अडचण स्पष्ट होते. असाइनमेंटचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जातात आणि ते ठरलेल्या तारखेच्या आत विद्यापीठाकडे भरावे लागतात. म्हणजे विद्यार्थ्याला एक मुदत असते, तशीच प्राध्यापकांनाही असते. या दोन तारखांच्या मध्ये वह्या तपासायच्या, गुणांची यादी करायची, विभागप्रमुखांची सही घ्यायची. मुदतवाढ द्यायची ती याच फटीतून. त्यामुळे मेल वाचताना ‘ही मुलगी खरंच आजारी आहे का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हिचं काम माझ्या हातात कधी येणार?’ हा पुढे येतो. चांगल्या मेलमध्ये या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच असतं.

एक उदाहरण घेऊ. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला भाजीबाजारातल्या हातगाडीवाल्यांच्या कर्जाची पाहणी करायची आहे. २० जणांच्या मुलाखती घेऊन अहवाल द्यायचा, मुदत शुक्रवार, १० ऑक्टोबर. २ तारखेपर्यंत तिच्या १२ मुलाखती झाल्या. ३ तारखेला ताप भरला, दुसऱ्या दिवशी डेंग्यूचं निदान झालं. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. त्यानंतरचे एक-दोन दिवसही जपावे लागतात आणि अशक्तपणा बराच रेंगाळतो. डॉक्टरांनी ९ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली.

मेल लिहिण्याआधी तिनं तारखेचा हिशोब करायला हवा. उरल्या ८ मुलाखती. हातगाडीवाले सकाळी आणि संध्याकाळी गिऱ्हाइकात गुंतलेले, बोलायला सवड मिळते ती दुपारी. आधी एका दुपारी चार मुलाखती व्हायच्या, आता अंगात त्राण नाही तेव्हा तीन धराव्यात. म्हणजे १०, ११ आणि १२ या तीन दुपारी. मग तक्ते आणि लेखन यांना १३, १४, १५. एक दिवस हाताशी राखून ठेवला की तारीख येते गुरुवार, १६ ऑक्टोबर. दिवाळीची सुट्टी १८ पासून असेल, तर ही तारीख सुट्टीच्या आत बसते. सुट्टीनंतरची तारीख मागितली असती तर मॅडमच्या गुण भरण्याच्या तारखेशी तिची गाठ पडली असती.

बरेच जण इथेच चुकतात. नकाराच्या भीतीनं दोनच दिवस मागतात, ते पुरत नाहीत आणि पुन्हा मेल करावा लागतो. पहिली मुदतवाढ सहसा मिळते. दुसरी मागताना पहिल्या मेलमधल्या शब्दाची किंमत उतरलेली असते. म्हणून दिवस कमी मागून मन राखण्यापेक्षा पुरतील तेवढे एकदाच मागावेत.

आता मेल. ताप उतरून जरा बसता आलं की, म्हणजे ७ तारखेला, तो जायला हवा. मुदत उलटायच्या आधी आलेली मागणी ही परवानगी असते, नंतर आली की तो खुलासा होतो.

विषय: मुदतवाढीची विनंती – हातगाडीवाले पाहणी अहवाल – एम.ए. भाग १, हजेरी क्र. ४२

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी एम.ए. भाग १ ची विद्यार्थिनी. पाहणी अहवाल १० ऑक्टोबरला द्यायचा आहे. मला ४ तारखेला डेंग्यूचं निदान झालं असून डॉक्टरांनी ९ पर्यंत विश्रांती सांगितली आहे. २० पैकी १२ मुलाखती झाल्या आहेत. त्यांची टिपणं सोबत जोडली आहेत. उरलेल्या ८ मुलाखतींसाठी बाजारात जाणं सध्या शक्य नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५ पर्यंत अहवाल देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. ही तारीख आपल्याला अडचणीची असेल तर आपण सांगाल त्या तारखेला, झालेल्या मुलाखतींवर आधारित अहवाल देईन. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत आहे.

आपली विद्यार्थिनी,
(नाव)’

यात आजाराला एकच वाक्य आहे. प्लेटलेट किती उतरल्या, सलाईन किती लागलं, हे मॅडमना तपासायचं नाही. आजारामुळे कोणतं काम अडलं एवढं त्यांना हवं आहे. झालेल्या १२ मुलाखतींची टिपणं मात्र मोठं काम करतात. काम सुरू होतं आणि मध्येच थांबलं, हे त्यांतून वेगळं न सांगता दिसतं. ही टिपणं ड्राइव्हच्या लिंकनं पाठवली तर ती उघडण्याची परवानगी दिली आहे ना, हे पाहावं. नाहीतर मॅडमच्या पडद्यावर परवानगी मागणारी पाटी येते आणि मेल उद्यावर पडतो.

कारण उघड सांगण्यासारखं नसेल तर ‘आरोग्याचं खासगी कारण आहे, आवश्यक असल्यास प्रत्यक्ष भेटून सांगेन’ एवढं पुरतं. आणि आजार वगैरे काही नाही, नुसता उशीरच झाला असेल, तर आजोबांना आजारी पाडू नये. ‘कामाचा अंदाज चुकला, दोन दिवस हवेत, उशिराचे गुण कापले तरी चालतील’ असं सरळ लिहावं. गुण कापण्याचा नियम असेल तर तो लागेलच, पण पुढच्या वेळी खरं कारण सांगताना शंकेची नजर वाट्याला येणार नाही.

शिकायला परदेशी गेलेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत मुदतवाढ देण्याचा अधिकार शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे नसतो. तिथे ठरलेला अर्ज भरून तो कार्यालयाकडे द्यावा लागतो. प्राध्यापकांना कितीही उत्तम मेल लिहिला तरी अर्जाविना तो उपयोगाचा नाही.

आपल्या उदाहरणात समजा मॅडमचं उत्तर आलं: ‘१६ चालेल, पण दुपारी १२ पर्यंत. संध्याकाळी मला गुण भरायचे आहेत.’ राखून ठेवलेला दिवस आता कामाला आला. अहवाल १५ ला पुरा झाला तर १६ ची सकाळ पुन्हा वाचायला मिळते. गुगल क्लासरूमवर अहवाल चढवायचा असेल तर तिथे मूळ तारीखच लागलेली असू शकते. तसं असेल तर अहवालावर ‘उशिरा’ असा शेरा आपोआप पडतो, किंवा सबमिशन बंदच झालेलं असतं. म्हणून उत्तराबद्दल आभार मानतानाच ‘क्लासरूमवर देऊ की मेलनं?’ हेही विचारून घ्यावं. मेलनं द्यायचा झाला तर नवा मेल सुरू न करता त्याच मेलला उत्तर म्हणून अहवाल जोडावा. आठवडाभरानं गुण भरायला बसलेल्या मॅडमना परवानगी कधी आणि कोणत्या वेळेपर्यंत दिली होती, ते अहवालाखालीच वाचायला मिळतं.