कमिशन, पगार आणि विक्रीक्षेत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विक्री-व्यवस्थापनाच्या उत्तरपत्रिकांत आणि कंपन्यांच्या आढावा बैठकांत एक विधान सिद्धान्तासारखे वापरले जाते : ज्याची विक्री जास्त त्याची मेहनत जास्त, म्हणून विक्रीच्या ठरावीक टक्क्याने मिळणारे निव्वळ कमिशन हीच सर्वांत न्याय्य मोबदला-पद्धत होय. हे विधान चुकीचे आहे, कारण विक्रीचा आकडा प्रतिनिधीच्या कष्टाइतकाच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, त्याला दिलेल्या विक्रीक्षेत्रावर अवलंबून असतो.

सातारा आणि सांगली हे जिल्हे या बाबतीत चांगला धडा देतात. २०११च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. तेव्हा एकेका प्रतिनिधीला एकेक जिल्हा दिला की वाटणी समान झाली, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. परंतु कीटकनाशके आणि बुरशीनाशके विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने जिल्ह्याची हद्द जवळजवळ निरर्थक आहे. तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या होतात आणि बुरशीनाशकांची मागणी आपोआप वाढते. उलट साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी हे दुष्काळी तालुके एकमेकांना लागून असून तेथील खरेदी पावसाच्या भरवशावर चालते.

एक काल्पनिक हिशेब पाहावा. द्राक्षपट्ट्याची विक्रीक्षमता, म्हणजे सर्व कंपन्यांना मिळून त्या क्षेत्रात होऊ शकणारी वार्षिक विक्री, २ कोटी ४० लाख रुपये आणि दुष्काळी पट्ट्याची ६० लाख रुपये धरली. पहिल्या प्रतिनिधीने १ कोटी २० लाखांची आणि दुसऱ्याने ४० लाखांची विक्री केली. तीन टक्के कमिशनने पहिल्याला ३ लाख ६० हजार आणि दुसऱ्याला १ लाख २० हजार मिळतात. प्रत्यक्षात पहिल्याने उपलब्ध बाजारपेठेचा निम्मा भाग मिळवला आहे, तर दुसऱ्याने दोन तृतीयांश. म्हणजे सरस कामगिरी करणाऱ्याला दुसऱ्याच्या एक तृतीयांशच मोबदला मिळाला. असा माणूस नोकरी सोडतो, आणि द्राक्षपट्ट्यातील निम्मी बाजारपेठ हातची जात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मिश्र पद्धतीत दोघांनाही वर्षाला २ लाख १६ हजार निश्चित पगार दिला, क्षमतेच्या साठ टक्के हे लक्ष्य ठरवले आणि लक्ष्यपूर्तीच्या प्रमाणात ९० हजारांचा इन्सेंटिव्ह ठेवला, तर पहिल्याला १ कोटी ४४ लाखांच्या लक्ष्यावर ७५ हजार आणि दुसऱ्याला ३६ लाखांच्या लक्ष्यावर १ लाख रुपये मिळतात. एकूण मोबदला अनुक्रमे २ लाख ९१ हजार आणि ३ लाख १६ हजार होतो. कंपनीचा खर्च ४ लाख ८० हजारांवरून ६ लाख ७ हजारांवर जातो, हे लपवू नये. पावसाची जोखीम प्रतिनिधीच्या डोक्यावरून काढून घेण्याची ती किंमत आहे. बसू, लाल, श्रीनिवासन आणि स्टेलिन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा निष्कर्षही हाच आहे की विक्रीतील अनिश्चितता वाढते तसा मोबदल्यातील पगाराचा वाटा वाढावा.

यावर काही जण सर्व क्षेत्रांची क्षमता सारखी करण्याचा उपाय सुचवतात, आणि तोही फसतो, कारण त्यासाठी दुष्काळी क्षेत्र आणखी मोठे करावे लागते आणि ते आहे तेवढेच एका माणसाला पेलत नाही. माण-खटाव-आटपाडीत ४० कृषी सेवा केंद्रांना महिन्यातून दोनदा आणि ६० केंद्रांना एकदा जायचे ठरवले, तर वर्षाला १,६८० भेटी होतात. गावे विखुरलेली असल्याने दिवसाला पाचच भेटी शक्य झाल्या तर ३३६ दिवस लागतात, जे एका माणसाला शक्य नाही. सीमा कार्यभारावरून, म्हणजे भेटी आणि प्रवास यांवरून, आखाव्यात, आणि उरलेला क्षमतेतील फरक लक्ष्याने भरून काढावा; या दोन कामांची गल्लत हेच बहुतेक चुकीच्या उत्तरांचे मूळ आहे.

इतर गैरसमज थोडक्यात सांगता येतात. विक्री झाली नाही तर कमिशन पद्धतीत कंपनीचे काहीच जात नाही, हे खरे नाही. मार्चअखेर दुकानात माल भरला जातो आणि हंगामानंतर तो परत येतो, म्हणून इन्सेंटिव्ह बिलावर न देता परत आलेला माल वजा करून आणि वसुली झाल्यावरच द्यावा. वर्षअखेरीस विक्री फुगते आणि नव्या वर्षाच्या आरंभी ओसरते, हे पॉल ओयर यांनी अमेरिकी कंपन्यांच्या आकडेवारीवरून १९९८ मध्ये दाखवले आहे. निव्वळ पगार आळस वाढवतो हेही सर्वत्र लागू नाही. ठिबक संचासारखी विक्री अनेक महिन्यांच्या भेटींनंतर आणि अनेकांच्या सहभागाने होते, तेथे यशाचे श्रेय एकट्याच्या नावे लावताच येत नाही.

परीक्षेत कोणती पद्धत श्रेष्ठ असे विचारले, तर क्षेत्राची क्षमता आणि कार्यभार सांगितल्याशिवाय दिलेले उत्तर अपुरे समजावे.