किलोवॅट आणि किलोव्होल्ट-अँपियर

किलोवॅट आणि किलोव्होल्ट-अँपियर (बोलीत केव्हीए) ही विद्युतशक्ती मोजण्याची दोन एकके आहेत. विजेचे प्रत्यक्ष कामात किंवा उष्णतेत किती वेगाने रूपांतर होते, हे किलोवॅटमध्ये सांगतात. यंत्राला लावलेला विद्युतदाब आणि त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह यांचा गुणाकार किलोव्होल्ट-अँपियरमध्ये सांगतात. या राशीला आभासी शक्ती म्हणतात. प्रत्यावर्ती प्रवाहात ही दोन मूल्ये समान असतीलच असे नाही. रोहित्र, डिझेल जनित्र आणि यूपीएस यांची क्षमता बहुधा केव्हीएमध्ये लिहिलेली असते. तो आकडा किलोवॅट समजून भार जोडल्यास यंत्र जळू शकते.

## दोन मूल्यांतील फरक

विजेची शेगडी किंवा तारेचा दिवा घेतलेली सर्व ऊर्जा वापरतो. तेथे किलोवॅट आणि केव्हीए सारखेच असतात. पंपाच्या मोटारीला मात्र फिरण्यासाठी आत चुंबकीय क्षेत्र निर्माण करावे लागते. हे क्षेत्र उभे राहताना ऊर्जा घेते आणि मावळताना तीच ऊर्जा तारेतून परत पाठवते. या ये-जा करणाऱ्या ऊर्जेतून पाणी उपसले जात नाही, पण तिच्यासाठीचा प्रवाह तारांतून वाहतोच. त्यामुळे मोटारीचा एकूण प्रवाह तिच्या प्रत्यक्ष कामाच्या मानाने जास्त असतो. या दोहोंच्या गुणोत्तराला शक्तिगुणक किंवा पॉवर फॅक्टर म्हणतात.

किलोवॅट = केव्हीए × शक्तिगुणक

शक्तिगुणक १ पेक्षा जास्त असू शकत नाही. शेतीपंपाच्या मोटारीचा शक्तिगुणक धारित्र (कपॅसिटर) न बसवल्यास साधारण ०.७ ते ०.८ असतो.

## उदाहरण: शेतीपंपांचे रोहित्र

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात विहिरींवरील पंपांना वीज देणारी रोहित्रे शिवारात खांबांवर बसवलेली दिसतात. अशा रोहित्रांच्या प्रचलित क्षमतांपैकी एक ६३ केव्हीए आहे. हे रोहित्र ११,००० व्होल्ट दाब ४३३ व्होल्टांवर आणते आणि पूर्ण भाराला प्रत्येक फेजमधून सुमारे ८४ अँपियर प्रवाह देते.

त्यावर ५ अश्वशक्तीचे पंप जोडले आहेत असे समजू. अशी मोटार ३.७३ किलोवॅट यांत्रिक शक्ती देते. तिची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ती ४.६६ किलोवॅट वीज घेते. ६३ हा आकडा किलोवॅटचा समजला, तर १३ पंप सहज चालतील असे वाटते. परंतु शक्तिगुणक ०.७५ असल्यास प्रत्येक पंप ६.२२ केव्हीए घेतो आणि १३ पंपांचा भार सुमारे ८१ केव्हीए होतो. प्रवाह ८४ ऐवजी सुमारे १०८ अँपियर, म्हणजे २८ टक्क्यांनी जास्त होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे रोहित्राच्या वेढ्यांतील (वाइंडिंगमधील) उष्णता सुमारे ६४ टक्क्यांनी वाढते. अशी स्थिती रोज तासन्‌तास राहिली, तर वेढ्यांवरील विद्युतरोधक आवरण करपते आणि शेवटी रोहित्र जळते.

या स्थितीत रोहित्रावर फक्त १० पंप सुरक्षित चालतात. प्रत्येक मोटारीजवळ योग्य क्षमतेचे धारित्र बसवून शक्तिगुणक ०.९५ वर नेल्यास ये-जा करणारी ऊर्जा बरीचशी मोटार आणि धारित्र यांच्यातच फिरते. मग एका पंपाचा भार ४.९ केव्हीएवर येतो आणि त्याच रोहित्रावर १२ पंप चालू शकतात. पाणी तेवढेच उपसले जाते. फक्त तारा व रोहित्र यांवरील निरुपयोगी प्रवाह कमी होतो.

रोहित्र स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. त्याच्या वेढ्यांतील उष्णता प्रवाहावर आणि लोखंडी गाभ्यातील उष्णता दाबावर अवलंबून असते. वाहणाऱ्या प्रवाहापैकी किती कामास आला, याचा त्या उष्णतेशी संबंध नसतो. म्हणून रोहित्राची मर्यादा केव्हीएमध्येच सांगता येते.

## जनित्र

डिझेल जनित्रात दोन यंत्रे एकाच आसावर जोडलेली असतात आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या असतात. इंजिन डिझेल जाळून प्रत्यक्ष शक्ती पुरवते, म्हणून त्याची मर्यादा किलोवॅटमध्ये असते. अल्टरनेटरची मर्यादा रोहित्राप्रमाणेच वेढ्यांच्या उष्णतेने ठरते, म्हणून ती केव्हीएमध्ये असते. ग्राहक मोटारी जोडील की शेगड्या, हे उत्पादकाला ठाऊक नसते. अल्टरनेटर किती प्रवाह सोसेल, हे मात्र तो निश्चित सांगू शकतो. केबल आणि स्वीचही त्याच प्रवाहावरून निवडतात. तीन फेजच्या जनित्रांसाठी ०.८ शक्तिगुणक गृहीत धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे ६२.५ केव्हीएचे जनित्र म्हणजे ५० किलोवॅटचे जनित्र होय. ४१५ व्होल्टांवर त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ८७ अँपियर असतो.

या जनित्रावर ५० किलोवॅटच्या शेगड्या लावल्यास इंजिन पूर्ण क्षमतेने चालते, पण अल्टरनेटरवर ५० केव्हीएचाच भार असतो. केव्हीएमध्ये १२.५ शिल्लक दिसत असले तरी आणखी शेगडी लावता येत नाही. याउलट ०.७ शक्तिगुणकाच्या ४५ किलोवॅट मोटारी लावल्यास इंजिनाची क्षमता शिल्लक राहते, पण भार ६४.३ केव्हीए होऊन अल्टरनेटरची मर्यादा ओलांडली जाते.

कोणती मर्यादा आली, हे पॅनेलवर ओळखता येते. किलोवॅटमापक ५० च्या आत असताना अँपियरमापक ८७ च्या पुढे गेला, तर भार अल्टरनेटरला जड झालेला असतो. वारंवारता ५० हर्ट्झच्या बरीच खाली घसरून धुराड्यातून काळा धूर येऊ लागला, तर ते सहसा इंजिन दमल्याचे लक्षण असते.

येथेही धारित्राने अल्टरनेटरवरील भार कमी होतो. मात्र मोटारी बंद केल्यावर धारित्रे जोडलेलीच राहिली, तर जनित्राचा दाब अनियंत्रितपणे वाढू शकतो. म्हणून ती मोटारीबरोबरच बंद होतील अशी जोडणी करतात.

## यूपीएस

यूपीएसमध्ये बॅटरीतील ऊर्जा इन्व्हर्टरमार्फत बाहेर येते. इन्व्हर्टरमधील अर्धवाहकांवर प्रवाहाची मर्यादा असते, ती व्होल्ट-अँपियरमध्ये सांगतात. प्रत्यक्ष शक्ती पुरवण्याची मर्यादा वॅटमध्ये असते. घरगुती संगणकासाठीच्या लहान यूपीएसवर ६०० व्होल्ट-अँपियर आणि ३६० वॅट असे दोन्ही आकडे आढळतात. ठळक छापलेला आकडा सहसा मोठा, म्हणजे पहिला असतो.

जुन्या संगणकांचा शक्तिगुणक ०.६ ते ०.७ च्या आसपास असे, त्यामुळे हे प्रमाण त्यांना जुळत होते. आज शक्तिगुणक सुधारणारे परिपथ असलेल्या संगणकांत तो ०.९५ च्या वर जातो. असा ४०० वॅटचा संगणक ४२१ व्होल्ट-अँपियरच घेतो. तो ६०० च्या आत असला तरी ३६० वॅटची मर्यादा ओलांडत असल्यामुळे वीज जाताच यूपीएस बंद पडू शकतो. बॅटरी किती वेळ टिकेल, हेही मुख्यतः वॅटवरच ठरते. व्होल्ट-अँपियरचा आकडा मोठा असल्याने तो वेळ वाढत नाही.

## निवड करताना

जोडायच्या उपकरणांच्या किलोवॅटची बेरीज इंजिन किंवा बॅटरीच्या किलोवॅट मर्यादेशी, आणि त्यांच्या एकूण केव्हीएची तुलना यंत्राच्या केव्हीए मर्यादेशी स्वतंत्रपणे करावी लागते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जाणे आवश्यक असते. मोटार थेट सुरू होताना तिचा प्रवाह काही क्षण नेहमीच्या सुमारे सहापट असतो आणि त्या वेळी शक्तिगुणकही फार कमी असतो. हा भार मुख्यतः अल्टरनेटरवर पडून दिवे मंदावतात. म्हणून अनेक मोटारी असल्यास त्या एकामागून एक सुरू करतात.