वाढत्या अंगाचा कुर्ता

दिवाळीचा कुर्ता पुढच्या दिवाळीलाही व्हावा म्हणून सरसकट दोन नंबर मोठा घेतला जातो. मग खांद्याची शिलाई दंडावर उतरते आणि मुलगा दिवसभर बाह्या सावरत बसतो.

सात वर्षांचा मुलगा वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या आसपास उंच होतो. छाती त्या मानाने कमीच भरते. म्हणून खांदा आणि गळा आजच्याच मापाचा ठेवावा आणि वाढ लांबीत धरावी. समजा, छाती २४ इंच आहे. तयार कुर्ता २८ इंच घेराचा असला की हालचालीला जागा राहते आणि वर्षभराची वाढही त्यात सामावते. शिवून घेताना खालच्या घेराला दोन इंच, बाहीला दीड इंच दुमड आणि बगलेत इंचभर माया ठेवायला शिंप्याला सांगावं. पायजमा नाडीचाच बरा; मोहरीला आत दुमड असली की झालं.

सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावं, नाहीतर ठेवलेली वाढ पहिल्याच धुण्यात आटते. रेशमी किंवा जरीच्या कापडाचं दुखणं वेगळं: दुमड उसवली की जुनी घडी आणि सुईची भोकं दिसत राहतात. त्यावर गोट लावून झाकता येतं.

शेरवानीत अस्तर आणि खांद्याचं पॅड असतं, त्यामुळे ती वाढवणं कठीण. एका लग्नापुरती हवी असेल तर माझ्या मते भाड्याने आणावी.