मेटफॉर्मिन : पोटाला सवय, पाळीला वेळ

पीसीओएससाठी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिले की ‘मला मधुमेह नाही, मग ही गोळी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. या विकारात अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. मग बीज पूर्ण वाढून बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. मेटफॉर्मिनमुळे यकृतातून रक्तात येणारी साखर घटते आणि इन्सुलिनही उतरते.

समजा, 24 वर्षांच्या एका मुलीला दोन-दोन महिने पाळी येत नाही. तिने पहिल्याच दिवसापासून 500 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सुरू केल्या. मळमळ, पोटात मुरडा, जुलाब झाले आणि आठवड्यात औषध बंद पडले. दोष औषधापेक्षा घाईचा जास्त. पहिला आठवडा-दोन आठवडे रात्रीच्या जेवणासोबत एकच 500ची गोळी घ्यायची. पोट स्थिर राहिले तर दर एक-दोन आठवड्यांनी 500ने वाढवत दिवसाला 1500 ते 2000पर्यंत जायचे. त्रास झाला तर आधीच्या मात्रेवर थोडे थांबायचे. तरीही जुलाब थांबले नाहीत, तर हळूहळू विरघळणारी, म्हणजे ‘एसआर’ गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते. ती मात्र तोडू किंवा चावू नये.

पाळीवरचा परिणाम पहिल्या महिन्यात दिसत नाही. तारखा लिहून ठेवाव्यात आणि तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांसोबत पाहावे. 60 दिवसांचे अंतर 40वर आले, तर फायदा होतो आहे. पण सगळ्यांची पाळी नियमित होतेच असे नाही. फक्त पाळी नियमित करायची असेल, तर संप्रेरकांच्या गोळ्या अधिक खात्रीच्या. चेहऱ्यावरचे केस आणि मुरुमांवर मेटफॉर्मिनचा परिणाम फारसा नसतो, वजनही थोडेच उतरते.

दोन गोष्टी विसरू नयेत. मेटफॉर्मिन चालू असूनही तीन महिने पाळी आली नाही, तर वाट पाहत बसू नये. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे धोक्याचे असते. गर्भ नाही याची खात्री करून डॉक्टर ते बाहेर पडण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या देतात. दुसरे, मेटफॉर्मिनने बीज पुन्हा बाहेर पडू लागू शकते आणि तेही पाळी दिसण्याआधी. मूल नको असेल, तर गर्भनिरोधक वेगळे वापरावेच लागते.

उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्यावे. हातापायांना मुंग्या येणे ही त्याच्या कमतरतेची खूण असू शकते.