स्क्रूच्या दाताभोवती रक्त आलं तर

मैत्रिणींनो, उर्से गावातल्या एका काकूंनी विचारलं, "स्क्रूचा दात बसवलाय. दुखत नाही, पण ब्रश करताना रक्त येतं. चालेल का?"

नाही चालणार. टायटॅनियमच्या स्क्रूला साधारण 3 ते 6 महिन्यांत हाड थेट घट्ट चिकटतं. पण कडेला कीटण साचलं की हिरडी सुजते. तेव्हाच दातांच्या डॉक्टरांकडून साफ केलं तर ती बरी होते. दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजतं, तेही बहुधा न दुखता, आणि ते सहसा पूर्ण भरून येत नाही. म्हणून रक्त किंवा पू दिसला की एक्स-रे काढा, दात हलायची वाट बघू नका.

काकू मिश्री लावतात, साखरही वाढलेली. दोन्हींमुळे धोका वाढतो. मिश्री सोडायची, हिरडीच्या कडेने रोज मऊ ब्रश फिरवायचा, फटीत छोटा ब्रश घालायचा.