गृहकर्जाचा हप्ता : बँकेचे माप आणि आपले माप

आपल्या संघटनेतील अनेक वैद्यबंधू-भगिनी सध्या स्वतःच्या घराच्या विचारात आहेत. काही आयुर्वेद महाविद्यालयात नोकरी करून सायंकाळी चिकित्सालय चालवितात, काहींचे केवळ चिकित्सालय आहे, तर काही औषधी दुकानाचे मालक आहेत. कर्ज मिळेल का, हा प्रश्न आता फारसा कठीण राहिलेला नाही. हप्ता पेलेल का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बँकेच्या मंजुरीपत्रात मिळत नाही. आहाराची मात्रा ज्याप्रमाणे पात्राच्या आकारावरून न ठरविता अग्नीवरून ठरवावी लागते, त्याप्रमाणे हप्त्याची मात्रा मंजूर रकमेवरून न ठरविता हाती येणाऱ्या उत्पन्नावरून ठरवावी लागते. हे कसे करावे, ते एका काल्पनिक परंतु आपल्यात सहज आढळणाऱ्या उदाहरणाने पाहू.

अडतीस वर्षांचे एक वैद्य महाविद्यालयात अध्यापन करतात. त्यांचे एकूण वेतन ८०,००० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे ४,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. पतसंस्थेच्या जुन्या कर्जाचा ५,००० रुपयांचा हप्ताही वेतनातूनच जातो. म्हणजे प्रत्यक्ष हाती ७०,००० रुपये येतात. सायंकाळच्या चिकित्सालयातून भाडे, साहाय्यकाचे वेतन आणि औषधखरेदी वजा जाता वर्षाची सरासरी दरमहा २२,००० रुपये पडते.

बँका साधारणतः सर्व कर्जांचे हप्ते मिळून निव्वळ उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. ५० टक्क्यांचे माप लावले, तर कर व निधी वजा जाता उत्पन्न ९७,००० रुपये, त्याचे निम्मे ४८,५००. त्यातून पतसंस्थेचा हप्ता वगळला की ४३,५०० रुपयांचा हप्ता बसतो. साडेआठ टक्के व्याज व वीस वर्षे मुदत धरली, तर एक लाखास सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. या हिशेबाने जवळपास ५० लाख रुपये कर्ज मिळू शकते. या मापात मुलांचे शिक्षण, आईवडिलांची औषधे किंवा चिकित्सालयाचे मंदीचे महिने यांचा विचार नसतो. कर्ज बुडू नये एवढीच बँकेची चिंता असते. घर चालावे ही चिंता आपली आहे.

आता आपले माप लावू. पहिली दुरुस्ती व्यवसायाच्या उत्पन्नाची. हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेस जातो, सरासरीने जात नाही. म्हणून मागील बारा महिन्यांची शिल्लक लिहून काढावी आणि सर्वांत कमी असलेल्या तीन महिन्यांची सरासरी घ्यावी. या वैद्यांच्या बाबतीत ती ९,००० रुपये निघते. तेवढीच हिशेबात धरावी. औषधी दुकानदारांनी येथे अधिक सावध असावे. गल्ल्यात आलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. घाऊक विक्रेत्याचे देणे, उधारीत अडकलेली रक्कम आणि मुदत संपून वाया जाणारा माल वजा केल्यावर जे घरी नेता येते, तेच उत्पन्न.

भरवशाचे उत्पन्न अशा रीतीने ७९,००० रुपये झाले. दुसरी पायरी म्हणजे न टाळता येणारा खर्च. घरखर्च ३०,०००, मुलांचे शिक्षण ८,००० आणि विमा व आईवडिलांची औषधे ६,००० रुपये. शाळेचे शुल्क आणि विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो, म्हणून पुष्कळजण तो मासिक हिशेबात विसरतात. त्याचा बारावा भाग येथे अवश्य धरावा. हे ४४,००० रुपये गेल्यावर ३५,००० उरतात. नव्या घरात राहावयास गेल्यावर भाडे थांबेल, परंतु सोसायटीचे देखभाल शुल्क व मालमत्ता कर मिळून ३,५०० रुपये दरमहा सुरू होतील. बचतीसाठी ६,००० रुपये बाजूस ठेवले, तर हप्त्यासाठी २५,५०० रुपये उरतात.

मात्र आजचा हप्ता २५,५०० बसतो एवढ्यावर थांबू नये. बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे बाह्य मानकाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याचा परिणाम काय होतो, ते पाहा. पंचवीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जास सात टक्के दराने हप्ता सुमारे १९,३८० रुपये येतो. दर साडेनऊ टक्के झाला, तर त्याच रकमेचे केवळ मासिक व्याजच सुमारे १९,७९० रुपये होते. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजही भागत नाही आणि मुदत वाढवूनही प्रश्न सुटत नाही. हप्ता वाढवावाच लागतो. म्हणून आजच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक धरून हिशेब करावा.

साडेदहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखास सुमारे ९९८ रुपये पडतात. २५,५०० रुपयांत साधारण साडेपंचवीस लाख बसतात, म्हणून आपण २५ लाख धरू. आज साडेआठ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये येईल आणि दर दोन टक्के वाढला, तरी तो २५,००० च्या आतच राहील. बँकेच्या मापाने ५० लाख, आपल्या मापाने २५ लाख. या दोहोंतील अंतर म्हणजेच पुढील वीस वर्षांची स्वस्थता.

मुदत वाढवून मोठे कर्ज बसविण्याचा मोह होतो. पंचवीस लाखांची मुदत वीसऐवजी पंचवीस वर्षे केली, तर हप्ता सुमारे १,५६५ रुपयांनी कमी होतो, परंतु एकूण परतफेड जवळजवळ सव्वाआठ लाखांनी वाढते. शिवाय अडतिसाव्या वर्षी घेतलेले कर्ज त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत, म्हणजे वेतन थांबल्यावरही चालू राहते. त्यापेक्षा चिकित्सालयाच्या भरभराटीच्या महिन्यांतील जादा शिल्लक अधूनमधून मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर, ते व्यवसायासाठी नसल्यास, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारले जात नाही.

कागदावरील हिशेब खरा आहे का, याची परीक्षा कर्ज घेण्यापूर्वीच करता येते. हे वैद्य आज १२,००० रुपये भाडे देतात. नव्या घराचा हप्ता व देखभाल मिळून २५,२०० रुपये होतील. फरकाचे १३,२०० रुपये त्यांनी सहा महिने आवर्ती ठेवीत भरावेत. या काळात जून महिन्यातील शाळेचे शुल्क आणि मंदीचा एखादा महिना यावा. उसनवारी न करता ठेव नियमित राहिली, तर हप्ता पेलेल. शिवाय सुमारे ८०,००० रुपये साठतील. घर बांधकामाधीन असेल, तर ताबा मिळेपर्यंत भाडे व कर्जाचे व्याज दोन्ही एकदम द्यावे लागते. त्यांचा हिशेब वेगळा करावा.

कर्ज घेतल्यानंतर हप्ता जड होत असल्याची लक्षणे प्रथम बँकेच्या खात्यात दिसत नाहीत. तेथे हप्ता वेळेवर जात असतो. ती दुकानात व चिकित्सालयात दिसतात. घाऊक विक्रेत्याचे देणे एका महिन्याऐवजी दोन महिन्यांनी जाते, फडताळातील चूर्णे व आसवे हळूहळू कमी होतात, किराणा क्रेडिट कार्डावर येतो, विम्याचा हप्ता सवलतीच्या मुदतीपर्यंत लांबतो. यांतील दोन लक्षणे सलग तीन महिने दिसली, तर व्यवसायाचे भांडवल घराच्या भिंतीत जात आहे असे समजावे आणि पहिला हप्ता चुकण्याची वाट न पाहता बँकेकडे जावे. ऑगस्ट २०२३ मधील रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हे निवडण्याची संधी कर्जदारास देणे बँकांना आवश्यक आहे. खाते नियमित असताना केलेली अशी विनंती सुकर असते. हप्ता परत गेल्यावर मात्र दंड लागतो आणि पतनोंदही बिघडते.